भाग: फळीवरची जागा आणि रविवार दुपारची रिकामी फळी

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, "आमची थालीपिठाची भाजणी सुपरमार्केटमध्ये लागली तर आहे, पण हलत नाही. काय करू?" मी दुकानांत माल लावून घेण्याचं काम करतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच: पाकीट कुठल्या फळीवर आहे?

नवा माल बहुतेक वेळा सगळ्यात खाली जातो, पाच किलोच्या पिठांच्या शेजारी. तिथे वाकून फक्त तोच बघतो, जो भाजणीच शोधत आलाय. बाकीच्यांची नजर छाती ते डोळे एवढ्याच पट्ट्यात फिरते. म्हणून ती जागा मागायची. पण एका पाकिटाच्या रुंदीची नको, कारण दोन मोठ्या ब्रँडच्या मध्ये एकटं पाकीट दिसतच नाही. निदान दोन ओळी हव्यात. दर्शनी ओळीला दुकानवाले 'फेसिंग' म्हणतात.

आता खरी गोम. समजा, जागा बदलली आणि आठवड्याला १४ ऐवजी २२ पाकिटं जायला लागली. त्यातली १२ शनिवार-रविवारी जातात. तुमच्या दोन फेसिंग, प्रत्येकीत मागेपर्यंत ५ पाकिटं, म्हणजे फळीवर मावतात १०. शुक्रवारी रात्री फळी भरली आणि मध्ये कोणी हात लावला नाही, तर रविवारी दुपारपर्यंत ती रिकामी! गोदामात खोकं पडलेलं असतं, कॉम्प्युटरवर साठा दिसतो, म्हणून नवी ऑर्डरही निघत नाही. हे ओळखायचं कसं? मॅनेजरकडून दिवसवार आणि वेळेनुसार विक्री मागा. साठा शिल्लक असून रविवारी संध्याकाळची विक्री शून्य असेल, तर बहुधा माल मागेच पडून आहे. अशा वेळी तिसरी फेसिंग मागा, नाहीतर शनिवारी रात्री फळी भरून घ्या. माझ्या मते दुसरा उपाय जास्त चालतो, कारण त्याला जागा लागत नाही. लागतो फक्त फळी भरणाऱ्या पोराशी चांगला संबंध. आणि हो, भरताना जुनं पाकीट पुढे, नवं मागे.

बरं, १४ चे २२ झाले म्हणजे आठही पाकिटं जागेमुळेच वाढली का? नाही हं. पगाराच्या आठवड्यात सगळंच जास्त खपतं. म्हणून त्याच साखळीच्या दुसऱ्या शाखेत जागा मुद्दाम तशीच ठेवायची. तिथे त्याच आठवड्यांत १२ चे १५ झाले, म्हणजे पाव पट वाढ, तर आपलेही १४ चे साडेसतरा असेच झाले असते. जागेची कमाई उरली साडेचार पाकिटं. तीही एका आठवड्यावर ठरवू नका, चार आठवडे बघा. मग प्रत्येक पाकिटामागे हातात पडणारे पैसे गुणिले साडेचार, एवढं काढून दुकानदार त्या फळीचं भाडं मागतोय का आणि किती, ते त्याच्याशेजारी मांडा.

त्या ताईंना मी सध्या फक्त दोन शाखांची दिवसवार विक्री आणायला सांगितलंय.