दत्ता भट 'मूळ' नटसम्राटमध्ये होते का?

वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० मध्ये धी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, अप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागू. मग दत्ता भटांचे बेलवलकर पुनरुज्जीवनातले म्हणायचे का? माझं ठाम उत्तर नाही. लागूंनंतर भटांनी ही भूमिका केली ती त्याच संस्थेच्या त्याच नाटकात. नट बदलला, निर्मिती नाही. मोहन जोशींचे बेलवलकर मात्र कित्येक दशकांनंतरच्या नव्या निर्मितीतले. म्हणून शोध घेताना नटाच्या नावाआधी निर्माती संस्था आणि दिग्दर्शक पाहावेत. तेच असतील आणि मध्ये मोठा खंड नसेल, तर तो मूळ प्रयोगमालिकेतला बदली नट.

यावर कुणी म्हणेल, नाटकाच्या छापील पुस्तकात पहिल्या प्रयोगाची श्रेयनामावली असतेच की! असते, आणि ती फार मोलाची आहे, पण ती फक्त त्या एका रात्रीची साक्ष देते. त्यात नाव नाही म्हणून नट मूळ संचात कधीच नव्हता, असं ठरत नाही. शिवाय पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतही बहुधा तीच जुनी यादी छापलेली असते, त्यामुळे आवृत्तीचं साल प्रयोगाचं साल समजू नये. पुढच्या काळासाठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती तारखेनुसार चाळाव्यात. नाव कधीपासून बदललं ते तिथे दिसतं. नुसत्या छायाचित्रावर मात्र विसंबू नये. त्यावर तारीख नसेल तर त्यातून एवढंच कळतं, की त्या नटाने ती भूमिका कधीतरी केली.