जुन्या बॅटरीचा प्रवाह उणे का येतो?

इन्व्हर्टरला एक बॅटरी पुरेनाशी झाली की शेजारी दुसरी जोडायची, हा उपाय अनेक घरांत होतो. बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या समांतर लावतात, म्हणजे धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला. बॅटरीवाला मात्र बजावतो की नव्या बॅटरीला जुनी जोडू नका. असं का, हे तो सहसा सांगत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात नोड आणि लूपची जी गणितं येतात, त्यांत याचं उत्तर अगदी आकड्यांसकट मिळतं.

समजा, नवी बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि तिचा दाब १२.८ व्होल्ट आहे. जुनी साधारण अर्धी उतरलेली आहे, तिचा दाब १२ व्होल्ट. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा आतला रोध असतो. त्यात वायर आणि टर्मिनलचा रोध मिळवून नवीसाठी ०.०५ ओहम आणि जुनीसाठी ०.१ ओहम धरू. चांगल्या बॅटरीचा रोध प्रत्यक्षात याहून कमी असतो, पण या आकड्यांनी हिशेब सोपा होतो. इन्व्हर्टर आणि त्यावरचे दोन पंखे मिळून १ ओहमचा एकच रोध मानू.

आकृतीत तीन उभ्या फांद्या दिसतील: डावीकडे नवी बॅटरी, मध्ये जुनी, उजवीकडे लोड. तिन्ही फांद्या वर एका तारेला आणि खाली दुसऱ्या तारेला जोडलेल्या. इथे ओहमचा नियम एकटा पुरत नाही, कारण कोणत्या रोधावर किती व्होल्ट पडले हेच आधी माहीत नसतं. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी एकमेकींवर आणि लोडवर परिणाम करतात.

वाट दाखवली ती गुस्ताव किरखॉफ यांनी, १८४५ मध्ये. तेव्हा ते क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकत होते, वय अवघं २१. त्यांचे दोन नियम आहेत. तारा जिथे एकत्र येतात त्या जागी जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर जातो. आणि सर्किटमध्ये कोणत्याही बंद वाटेने एक फेरी पूर्ण केली, की चढलेले आणि उतरलेले व्होल्ट फिटंफाट होतात. नोडची रीत पहिल्या नियमावर उभी आहे, लूपची दुसऱ्यावर.

आधी नोडची रीत घेऊ. खालची तार शून्य व्होल्टची मानायची. मग वरच्या तारेचा दाब, V, एवढी एकच गोष्ट अज्ञात उरते. वरच्या तारेवरून तिन्ही फांद्यांत बाहेर जाणारे प्रवाह लिहायचे आणि त्यांची बेरीज शून्य ठेवायची:

(V − १२.८)/०.०५ + (V − १२)/०.१ + V/१ = ०

यातून ३१V = ३७६, म्हणजे V जवळपास १२.१३ व्होल्ट. नव्या बॅटरीच्या दाबापेक्षा हा कमी आहे, म्हणून ती सुमारे १३.४२ अँपिअर देते. लोड १२.१३ अँपिअर घेतो. उरलेले १.२९ अँपिअर कुठे गेले? ते जुन्या बॅटरीत शिरले. तारेचा दाब तिच्या १२ व्होल्टपेक्षा वर आहे, त्यामुळे ती देत नाही, घेते. तिला प्रवाह देणारी धरून हिशेब मांडला, तर उत्तर −१.२९ येतं.

या उणे चिन्हापाशी विद्यार्थी हमखास थबकतात. काही जण चूक झाली समजून ते खोडून टाकतात. खरं तर सुरुवातीला काढलेला बाण हा फक्त अंदाज असतो. प्रवाह बाणाच्या उलट वाहतो आहे, इतकंच ते चिन्ह सांगतं. बाणाची दिशा चुकली तरी गणित चुकत नाही. चिन्ह पुसलं तर मात्र चुकतं, कारण मग जुनी बॅटरी मदत करते आहे असा नेमका उलटा निष्कर्ष निघतो.

आता तेच सर्किट लूपने सोडवू. डाव्या चौकटीत घड्याळाच्या दिशेने Ia आणि उजव्या चौकटीत त्याच दिशेने Ib, असे दोन फिरते प्रवाह मानायचे. मधल्या फांदीतून दोन्ही जातात आणि एकमेकांच्या विरुद्ध जातात. म्हणून तिथल्या ०.१ ओहमवर दोघांतला फरक घ्यावा लागतो. लूपच्या गणितात गुण जातात ते बहुतेक इथेच: सामाईक रोधावर शेजारच्या चौकटीचा प्रवाह वजा करायचा राहून जातो. नीट मांडलं की दोन समीकरणं मिळतात:

०.१५ Ia − ०.१ Ib = ०.८
−०.१ Ia + १.१ Ib = १२

ती सोडवून Ia = १३.४२ आणि Ib = १२.१३ येतात. मधल्या फांदीत वरच्या दिशेने Ib वजा Ia, म्हणजे पुन्हा −१.२९.

दोन रितींची उत्तरं जुळणं हा चांगला ताळा आहे, पण वेळ एकाच रितीपुरता असेल तर शक्तीचा हिशेब करावा. नवी बॅटरी १२.८ गुणिले १३.४२, म्हणजे सुमारे १७२ वॅट देते. त्यातले १४७ लोडला मिळतात, साडेपंधरा जुनी बॅटरी भरण्यात जातात आणि सुमारे नऊ दोन्हींच्या आतल्या रोधांत उष्णता होऊन संपतात. जमाखर्च जुळला, तर उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

इथे नोडचं काम एका समीकरणात झालं, लूपला दोन लागली. आणखी दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर लूपची समीकरणं चार होतील, नोडचं एकच राहील. म्हणून पेन उचलण्याआधी नोड आणि चौकटी मोजाव्यात. एक नोड शून्य मानल्यावर उरतात तेवढी नोडची समीकरणं, आणि जितक्या चौकटी तितकी लूपची. तारा एकमेकींना ओलांडल्याशिवाय सर्किट कागदावर काढताच येत नसेल, तर चौकटींची रीत चालत नाही. नोडची चालते. बर्कलीमध्ये १९७३ साली पुढे आलेल्या स्पाइस या सर्किट सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या गाभ्यातही नोडचीच समीकरणं आहेत.

समीकरण एकदा हाती आलं की त्याला आणखी प्रश्न विचारता येतात. पंखे बंद केले तर? लोडची फांदी काढून टाकली की ०.८ भागिले ०.१५, म्हणजे ५.३३ अँपिअर एका बॅटरीतून दुसरीत जात राहतात. वीज कोणी वापरत नसतानाही नवी बॅटरी उतरत असते. जुनी कधी तरी मदत करते का? तारेचा दाब १२ च्या खाली गेला तरच. बरोबर १२ व्होल्टला नवी १६ अँपिअर देते. लोड त्याहून जास्त प्रवाह मागू लागला, की जुनी आपला वाटा उचलायला लागते.

दोन्ही आतले रोध शून्य मानले, तर डाव्या चौकटीचं समीकरण ० = ०.८ असं होतं. हे अशक्य आहे. वेगळ्या दाबाचे दोन आदर्श स्रोत समांतर जोडलेले प्रश्नात दिसले, तर तो प्रश्नच सदोष आहे.

खऱ्या बॅटऱ्यांत हे आकडे एका क्षणापुरतेच खरे असतात. जुनी भरत जाते, नवी उतरत जाते, दोघींमधला ०.८ व्होल्टचा फरक कमी होतो आणि त्याबरोबर मधला प्रवाहही. जुनीचा एखादा सेल खराब असेल, तर मात्र तिचा दाब नवीच्या बरोबरीला येतच नाही आणि प्रवाह चालू राहतो. घाईत जुनीची टोकं उलटी लागली, तर डाव्या चौकटीत दोन्ही दाबांची वजाबाकी न होता बेरीज होते: लोड नसतानाही २४.८ भागिले ०.१५, म्हणजे १६५ अँपिअर.