गोल फिरणाऱ्या मोटरचं सरळ पाऊल

मोटर गोल फिरते; पावलाला तसं फिरून चालत नाही. जमिनीवर टेकलेलं असताना त्याने धडाच्या मानाने सरळ रेषेत मागे सरकायला हवं, नाहीतर धड प्रत्येक पावलाला वर-खाली होतं आणि मोटरची ताकद वजन उचलण्यात वाया जाते. मग पाऊल उचलून चटकन पुढे यायला हवं. रशियन गणिती पाफनूती चेबिशेव यांनी हे दोन्ही चार दांड्यांत बसवलं. त्यावर उभारलेलं त्यांचं चार पायांचं चालतं यंत्र १८७८ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात होतं. छोटा रोबो करणाऱ्याला तीच मापं आजही पुरतात, आणि ती पारखायला आलेख कागद, पट्टी आणि कंपास एवढंच लागतं.

कागदावर आडव्या रेषेवर ४० मिलिमीटर अंतराने दोन बिंदू घ्या. हे धडावरचे ठाम सांधे. त्यांतलं अंतर हीच पहिली दांडी. डाव्या बिंदूवर मोटर, तिला २० मिलिमीटरचा क्रँक. उजव्या बिंदूवर ५० मिलिमीटरची मागेपुढे डोलणारी दांडी. चौथी जोडदांडी १०० मिलिमीटरची, बरोबर मध्यावर भोक असलेली. तिचं एक टोक क्रँकला, मधलं भोक डोलत्या दांडीच्या टोकाला. दुसरं टोक मोकळं राहतं, आणि सगळी करामत त्या टोकाची आहे.

आता क्रँक सरळ वर धरा. क्रँकच्या टोकातून आणि उजव्या ठाम बिंदूतून ५० मिलिमीटरचे कंस काढा. ते वर जिथे छेदतात तिथे मधलं भोक येतं. क्रँकच्या टोकातून तिथवर रेघ ओढून ती तेवढीच पुढे वाढवली की मोकळं टोक मिळतं. मोटरच्या बिंदूपासून ते ८० मिलिमीटर उजवीकडे आणि ८० वर पडतं. क्रँक डावीकडे आडवा करून पुन्हा काढा: ४० उजवीकडे, ८० वर. क्रँक सरळ खाली: मोटरच्या थेट डोक्यावर, पुन्हा ८० वर. मधल्या स्थितींत ही रेघ जेमतेम ०.२ मिलिमीटर ढळते. म्हणजे क्रँकच्या अर्ध्या फेऱ्यात टोक ८० मिलिमीटर जवळजवळ सरळ जातं. उरलेल्या अर्ध्यात ते सुमारे १८ मिलिमीटर उचललं जाऊन परत येतं. अर्धा फेरा जमिनीवर, अर्धा हवेत, हे जमल्यामुळे दुसऱ्या पायांचा क्रँक नेमका उलट दिशेला बसवला की एक जोडी टेकते तेव्हा दुसरी उचलते.

क्रँक उजवीकडे आडवा असताना जोडदांडी आणि डोलती दांडी यांच्यातला कोन फक्त २३ अंशांच्या आसपास उरतो. इतक्या अरुंद कोनात जोर नीट पोचत नाही, सांधा अडकू पाहतो. पण त्या क्षणी पाऊल हवेत सगळ्यात उंच असतं, त्यावर भार नसतो. ही मापं मला आवडतात ती यासाठी.

पाऊल लांब हवं म्हणून नुसता क्रँक वाढवण्याचा मोह होतो. २० ऐवजी २४ करून हेच रेखाटन केलं तर पाऊल ८० वरून ९१ मिलिमीटरपर्यंत जातं, पण सरळ रेघ मोडते: दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा दीड मिलिमीटरहून अधिक खाली उतरतात आणि पाऊल हवेत असायला हवं तेव्हा जमीन खरवडतं. लांब पाऊल हवं तर चारही मापं एकाच पटीत वाढवायची.

पुठ्ठ्याच्या नमुन्यात बहुतेकांची गाडी पुढच्या जागी अडते. सरळ रेघ ठाम बिंदूंच्या वर पडते आणि तिचा फुगवटा आणखी वर. पाय खाली हवा म्हणून यंत्रणा उलटी केली, तर फुगवटा जमिनीकडे येतो आणि पाऊल टेकायचं तेव्हा उचललं जातं. म्हणून टोक वरच ठेवायचं आणि तिथून पाय खाली सोडायचा. तो जोडदांडीला घट्ट बसवता येत नाही, कारण जमिनीवरच्या काळात जोडदांडी ५३ अंश कलते. यावर उपाय म्हणजे पुढे-मागे अशा दोन सारख्या यंत्रणा, दोन्ही क्रँक एकाच दिशेला, आणि दोन्ही मोकळ्या टोकांना सांधणारा एक आडवा दांडा. तो दांडा कधीच कलत नाही. पाय त्याला घट्ट बसवायचे. पाय १३० मिलिमीटरचा ठेवला तर ठाम बिंदू जमिनीपासून ५० वर राहतात आणि खाली आलेल्या क्रँकखाली ३० मिलिमीटर मोकळे उरतात.

टेकल्या जागेवरून क्रँक आणखी ३० अंश फिरला तरी पाऊल केवळ सव्वा मिलिमीटर उचललेलं असतं. भोकं थोडी सैल झाली की एवढी उचल सांध्यांतच जिरते. तळव्याला खडू लावून रोबो काळ्या फळीवर चालवावा: सुटे ठसे उमटले तर सांधे ठीक, ठशांमागे फरफटलेली रेघ आली तर भोकं आणि स्क्रू बदलायची वेळ झाली.