बावन्न पानं आणि जालन्याची वाट

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या टीव्हीवर क्रेटन कार्व्हेलो नावाच्या माणसाने पिसलेल्या पत्त्यांचा क्रम तीन मिनिटांच्या आत पाठ करून दाखवला. हा गृहस्थ मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारक होता. तो कार्यक्रम पाहणाऱ्यांमध्ये डॉमिनिक ओब्रायन होता. त्याने लगेच कॅट हातात घेतला. पहिल्या प्रयत्नाला 26 मिनिटं लागली आणि 11 चुका झाल्या. पुढे 1991मध्ये लंडनला भरलेली पहिली जागतिक स्मरणस्पर्धा त्यानेच जिंकली. एकूण आठ वेळा तो विजेता झाला.

कार्व्हेलोचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. ओब्रायनला वाट त्याच्यामुळे सापडली, त्यामुळे या विद्येच्या इतिहासात त्याला आजच्याहून मोठी जागा मिळायला हवी.

ही विद्या 'मनात चित्रं काढा' एवढ्यावर भागत नाही. खरं काम कॅट पिसण्याच्या कितीतरी आधी होतं. बावन्न पानांना बावन्न माणसं कायमची नेमून द्यायची, आणि प्रत्येकाला स्वतःची एक कृती आणि एक वस्तू द्यायची. समजा, बदाम राणी म्हणजे लता मंगेशकर: कृती गाण्याची, वस्तू माईक. किलवर नव्वी म्हणजे गाडगेबाबा: कृती झाडण्याची, वस्तू खराटा. चौकट सत्ती म्हणजे धोनी, कारण त्याच्या जर्सीवर 7 आहे: कृती षटकार मारण्याची, वस्तू बॅट.

आता ही चित्रं जिच्यावर मांडायची ती वाट. जालन्याच्या माणसाने आपल्या रोजच्या पायाखालची निवडावी. स्टेशनात शिरताना लागणारं दार, तिकीट खिडकी, पुलाचा जिना, चहाचा स्टॉल, बाकडं, असे अठरा ठिकाणांचे थांबे ठरलेल्या क्रमाने पक्के करायचे. एकेका थांब्यावर तीन पानं ठेवली की सतरा थांब्यांत 51 पानं बसतात आणि अठराव्यावर एकटं शेवटचं पान उरतं.

तिकीट खिडकीपाशी बदाम राणी, किलवर नव्वी, चौकट सत्ती अशी तीन पानं आली असं धरू. पहिल्या पानाचा माणूस, दुसऱ्याची कृती आणि तिसऱ्याची वस्तू घ्यायची. लताबाई खिडकीसमोरची फरशी बॅटने झाडताहेत! हीच तीन पानं उलट्या क्रमाने आली, तर धोनी माईकने फरशी झाडतो. पानं तीच, पण चित्र निराळं, त्यामुळे क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही. भूमिकाच तो सांभाळतात. ही या युक्तीची सर्वांत सुंदर बाजू.

थांबे मात्र वेगवेगळे दिसायला हवेत. एकाच छापाच्या शटरांच्या दुकानांची रांग घेतली, तर कोणत्या दारात काय ठेवलं तेच कळत नाही. चूक कुठली हे तिच्या रूपावरून ओळखता येतं. थांब्यावर काहीच दिसत नसेल तर चित्र फिकं पडलं होतं, किंवा जागा निर्जीव होती. माणसं बरोबर पण पानांची अदलाबदल होत असेल, तर भूमिका नीट मुरलेल्या नाहीत. आणि कालचंच चित्र मध्ये डोकावत असेल तर वाट फार लवकर पुन्हा वापरली. म्हणून सराव करणारे अनेक वाटा ठेवतात: एक स्टेशनची, एक मोती तलावाची, एक गांधी चमनची, एक आपल्या घरातली. वापरलेली वाट काही दिवस रिकामी ठेवली की जुनी चित्रं पुसट होतात.

वाटांची गरज किती मोठी होऊ शकते हे ओब्रायननेच दाखवलं. 1 मे 2002 रोजी लंडनच्या सिम्प्सन्स-इन-द-स्ट्रँड या रेस्टॉरंटमध्ये त्याने एकत्र पिसलेल्या 54 कॅटांचा, म्हणजे 2808 पानांचा क्रम, प्रत्येक पान एकदाच पाहून सांगितला. चुका फक्त आठ. तीन-तीन पानांच्या हिशेबाने एवढ्याला 936 थांबे लागतात.

वेगाचा मार्ग निराळा. स्पर्धेत एक कॅट पाहायला जास्तीत जास्त पाच मिनिटं असतात. मग दुसरा कॅट त्याच क्रमाने लावून दाखवायचा, आणि पहिली चूक होईपर्यंतचीच पानं धरायची. 2018मध्ये मंगोलियाच्या शिजिर-एर्डेने बाट-एन्ख हिने 12.74 सेकंदांत कॅट पाहून लक्षात ठेवला. एवढ्या वेळात चित्र 'रचायला' सवड नसते, ते आपोआप उमटावं लागतं. म्हणून पान बघताच माणूस आठवण्याचा सराव आधी, वाटेचा नंतर. नवशिके हे उलट करतात आणि तिकीट खिडकीपाशीच अडकतात.

मेंदूवैज्ञानिक एलिनॉर मॅग्वायर यांनी 2003मध्ये लंडनला अशा दहा स्मरणपटूंचे मेंदू तपासले. त्यांची बुद्धिमत्ता सामान्यांहून अधिक नव्हती, मेंदूची रचनाही वेगळी नव्हती. दहापैकी नऊ जण वाटेचीच पद्धत वापरत होते, आणि पाठ करताना जागा ओळखण्यात गुंतणारे भाग त्यांच्यात अधिक जागे होत. हिमकणांची छायाचित्रं लक्षात ठेवायला दिली, तेव्हा मात्र त्यांची कामगिरी इतरांएवढीच राहिली. नेमून दिलेली माणसं हिमकणांना नव्हतीच.