खंडेनवमीचा निरोप, हार्डवेअरच्या दुकानातून

दसऱ्याच्या सकाळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गवंड्याचा फोन हातात घेतला, तर त्यात आपट्याच्या पानांची पन्नासेक चित्रं तरी सापडतात. त्यांतली निम्मी दुकानांकडून आलेली असतात. सिमेंट आणि रंगाच्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांना तयार चित्र देतात, खाली दुकानाचं नाव टाकायला एक पट्टी मोकळी सोडलेली असते. त्यामुळे बाजारपेठेतल्या तीन दुकानांकडून एकच रावण आणि एकच तोरण येतं, फक्त पट्टीवरचं नाव बदलतं. मिस्त्री ते उघडूनही पाहत नाही.

खरं तर दसऱ्यावर सगळ्यात मोठा हक्क हार्डवेअरच्या दुकानाचाच आहे. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आणि काही घरांत दसऱ्याच्या सकाळी ज्या हत्यारांची पूजा होते, ती या दुकानातूनच गेलेली असतात. थापी, ओळंबा, रंधा, पटाशी, पाइप पाना अशी सगळी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडली जातात. हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. सोनाराला किंवा कापडवाल्याला सणाशी नातं जोडून दाखवावं लागतं; हार्डवेअरवाल्याचं ते आधीच जोडलेलं आहे. शुभेच्छेचा मजकूर इथूनच सुरू व्हायला हवा.

तालुक्याच्या गावातलं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. गिऱ्हाइकांत गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन आहेत आणि घर बांधायला काढलेली कुटुंबंही आहेत. दुकानदाराने पहिल्यांदा असं लिहिलं:

‘आमच्या समस्त ग्राहकांना विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा! या शुभमुहूर्तावर सर्व ड्रिल मशिन आणि ग्राइंडरवर १० टक्के सूट! प्लंबिंग, इलेक्ट्रिक व सॅनिटरीचा सर्व माल योग्य दरात मिळेल. त्वरा करा!’

यात खोटं काही नाही, पण दुसऱ्या वाक्यापाशी शुभेच्छा संपते आणि वाचणाऱ्याला कळतं की पहिलं वाक्य या सवलतीसाठीच आलं होतं. शिवाय या सवलतीने दुकानाच्या पदरातही फार पडत नाही. सोनं आणि गाडी लोक मुहूर्त पाहून घेतात. बेंड, एल्बो, स्क्रू मात्र काम निघालं की घेतात. ज्याच्या घरी गळती नाही तो दसरा आहे म्हणून नळ घेणार नाही. रंगाचं काम दिवाळीआधी निघतं, हे खरं. तेव्हा सवलत द्यायचीच असेल तर ती आठवडाभर आधी, वेगळ्या निरोपात, सरळ सवलत म्हणून सांगावी. सणाच्या निरोपात तिला जागा नको.

मग सूट काढली. ‘सर्व माल मिळेल’ काढलं, कारण दुकानात काय मिळतं हे जुन्या गिऱ्हाइकाला ठाऊकच असतं. ‘समस्त ग्राहक’ काढून त्या जागी माणसं आणली, प्रत्येकाच्या हातातल्या हत्यारासह. शेवटी फक्त एक उपयोगाची गोष्ट ठेवली: दुकान कधी बंद आणि कधी उघडं. ही जाहिरात होत नाही. परवा स्लॅबचं काम असलेल्या ठेकेदाराला बांधणीची तार आजच न्यायची की नाही, हे त्यावरून ठरवता येतं. हाती आलेला मजकूर असा:

‘आज खंडेनवमी. गवंड्याची थापी नि ओळंबा, सुताराचा रंधा, प्लंबरचा पाना, वायरमनचा टेस्टर, सगळी हत्यारं आज पाटावर बसली असतील. आपल्या गावातल्या कितीतरी घरांना तुमचा हात लागलाय. तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. उद्या सकाळी पूजा झाली की दुकान वाढवू, परवा नेहमीच्या वेळी भेटू. – काका, दोघी सुना आणि दुकानातली मंडळी.’

खाली दुकानाचं नाव, बस. फोन नंबर, जीएसटी क्रमांक, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे अधिकृत विक्रेते ही यादी, यांतलं काही नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून गेलेला निरोप मुळात ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणजे वाचणारा ओळखीचाच असतो, आणि त्याच्याशी ओळखीच्या माणसासारखंच बोलावं.

या मजकुरातही एक जागा तपासून घ्यायला हवी. सगळेच कारागीर खंडेनवमी पाळत नाहीत. कुणी मुसलमान असतो. बिहार, बंगालकडून आलेले अनेक जण १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात. म्हणून ‘तुम्ही पूजा केली असेलच’ असं गृहीत धरू नये. ‘कितीतरी घरांना तुमचा हात लागलाय’ हे वाक्य मात्र प्रत्येकाला लागू पडतं, आणि मजकुराचा खरा आधार तेच आहे. परप्रांतीय कारागीर बरेच असतील तर तेवढाच मजकूर हिंदीत वेगळा पाठवावा. एकाच निरोपात दोन भाषा कोंबल्या की दोन्ही अर्धवट वाचल्या जातात.

फोटो दुकानातलाच हवा. इथे एक चूक हमखास होते: काउंटरवर खोक्यांसकट नवी कोरी यंत्रं मांडून फोटो काढला जातो. तो पाहिला की विक्रीच आठवते. त्याऐवजी दुकानातली वापरातली हत्यारं घ्यावीत, पाइप कापायची करवत, मुठीवर कापड गुंडाळलेली हातोडी, घासून गुळगुळीत झालेला वजनकाटा. सकाळच्या उजेडात, शटरजवळ, फ्लॅशशिवाय. एखाद्या मिस्त्रीचा फोटो वापरायचा असेल तर त्याला आधी विचारावं, आणि मागे दुसऱ्याच्या घराची पाटी किंवा उधारीची वही दिसत नाही ना, हेही पाहावं.

मजकूर फोटोवर छापू नये, फोटोखाली टाइप करावा. वयस्कर मिस्त्रीने फोनवर अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं. फोटोतलं अक्षर त्याच्यासाठी मोठं होत नाही. टाइप करताना ‘दसऱ्याच्या’ हा शब्द बघून घ्यावा. साधा र वापरला तर तो ‘दसर्याच्या’ असा रफार घेऊन उमटतो. नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य, अशा क्रमाने लिहिला की नीट येतो. शुभेच्छा ज्या सणाच्या, त्याचंच नाव चुकलं तर बाकीचं सगळं फिकं पडतं.

वेळ नवमीच्या सकाळची, आठ-साडेआठच्या सुमाराची. दसऱ्याच्या दिवशी चित्रांच्या लोंढ्यात निरोप दिसणार नाही, आणि बंदची सूचनाही उशिरा पोहोचेल. तिथीची खात्री दरवर्षी पंचांगातून करून घ्यावी, कारण नवमी आणि दसरा कधी कधी एकाच दिवशी येतात. तसं झालं तर निरोप आदल्या दिवशी जावा आणि ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द त्याप्रमाणे बदलावेत.

निरोप पोहोचला की नाही, हे उत्तरांवरून कळतं. नुसते जोडलेले हात आले तर तो शिष्टाचार. एखाद्या सुताराने आपल्या पाटावरच्या रंध्याचा फोटो पाठवला, किंवा ‘काका, परवा किती वाजता उघडताय?’ असं कुणी विचारलं, तर मजकूर वाचला गेला. अशा प्रत्येक उत्तराला त्याच दिवशी, नावाने, एक ओळ परत जावी, आणि त्या ओळीत दरपत्रक जोडू नये. आलेले फोटो, पाठवणाऱ्यांची परवानगी घेऊन, दुकानदाराने जपून ठेवावेत. पुढच्या नवमीला कंपनीचं तयार चित्र आलं तरी ते बाजूला ठेवून यांतलाच एक फोटो पाठवावा.