खेळाडूंनी रचलेले मॅप

लेव्हल एडिटर म्हणजे गेममधली जागा रचण्याचा प्रोग्रॅम. भिंत कुठे, दार कुठे, शत्रू कोणत्या कोपऱ्यात दबा धरून बसणार, हे त्यात ठरते. गेमबरोबर आलेल्या लेव्हल खेळून झाल्या की बहुतेक गेम कपाटात जातात. पण ज्यांच्यासाठी खेळाडू स्वतःच नवे मॅप रचतात, ते दशकानुदशके खेळले जातात. मात्र हे मॅप कुठे साठवले जातात यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. संगणकावरचा ‘डूम’ आणि कन्सोलवरचा ‘सुपर मारिओ मेकर’ या दोन गेमच्या कथा शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते.

इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचा ‘डूम’ डिसेंबर 1993 मध्ये आला. त्याची रचना करताना प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. चित्र काढणारा, गोळ्या नि धक्के यांचा हिशेब ठेवणारा मूळ प्रोग्रॅम एकीकडे, आणि मॅप, चित्रे, आवाज यांची एक मोठी ‘वॅड’ फाइल दुसरीकडे. खेळाडूने स्वतःची छोटी वॅड फाइल दिली तर गेम तिच्यातला मॅप मूळ मॅपच्या जागी वापरतो. मूळ फाइलला धक्का लागत नाही. कंपनीने सोबत एडिटर दिला नव्हता. तरी फाइलची रचना चाहत्यांनी उलगडली आणि 1994 च्या सुरुवातीलाच ‘डीईयू’ हा एडिटर तयार होऊन फुकट वाटला गेला.

डूमचा मॅप वरून पाहिलेल्या आराखड्यासारखा काढतात. आधी बिंदू, मग बिंदू जोडणाऱ्या रेषा, आणि रेषांनी वेढलेली जागा म्हणजे ‘सेक्टर’. प्रत्येक सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड असे आकडे दिले की खोली उभी राहते. साध्या खोलीची जमीन 0 वर आणि छत 128 वर ठेवता येते. खेळाडूची उंची 56 एकके आहे आणि तो 24 एककांपर्यंतची पायरी चढतो, 25 ची नाही. नवशिक्याच्या मॅपमध्ये जिना दिसतो पण चढता येत नाही, तेव्हा बहुधा पायरीची उंचीच चुकलेली असते.

दार करण्याची युक्ती गमतीची आहे. डूममध्ये दार नावाची वस्तूच नाही. दोन खोल्यांच्या मध्ये एक चिंचोळा सेक्टर काढायचा आणि त्याचे छत जमिनीला टेकवायचे. ते छत म्हणजेच बंद दार. त्याच्या पुढच्या आणि मागच्या रेषेला 1 हा क्रिया-क्रमांक दिला की कळ दाबताच छत वर सरकते आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली येते. प्रत्येक रेषेला पुढची आणि मागची अशा दोन बाजू असतात. ही पुढची बाजू बाहेर, म्हणजे खेळाडूकडे असावी लागते. उलटी राहिली तर कितीही कळ दाबा, दार ढिम्म. एखाद्या भिंतीला चित्र लावायचे राहिले तर तिथे आधीच्या दृश्यांचे तुकडे एकमेकांवर फासल्यासारखे दिसतात. त्या काळच्या मॅपकर्त्यांनी त्याला आरसेमहाल असे नाव दिले होते.

मॅप काढून झाला तरी काम संपत नाही. जुन्या संगणकाला प्रत्येक भिंत दर क्षणी तपासणे परवडणारे नव्हते, म्हणून मॅपचे तुकडे पाडून कोणता तुकडा पुढे, कोणता मागे याची यादी आधीच बनवून फाइलमध्ये घालावी लागते. हे काम नोड बिल्डर करतो. मग मॅप असा सुरू होतो:

```
doom2 -file wada.wad -warp 1
```

मूळ गेमच्या मर्यादाही कडक होत्या. एका सेक्टरला एकच जमीन आणि एकच छत, त्यामुळे खोलीवर खोली बांधता येत नाही. एका दृश्यात जमीन आणि छतांचे 128 पेक्षा जास्त वेगळे पृष्ठभाग आले की गेम `no more visplanes` असे सांगून बंद पडतो. हौसेने नक्षीदार अंगण रचणाऱ्याला हा संदेश फार लवकर भेटे.

यात कंपनीचा फायदा काय? गेमचा पहिला भाग फुकट वाटला जात होता, पण त्या फुकट आवृत्तीत बाहेरचा मॅप चालतच नसे. मॅप खेळायचा तर पूर्ण गेम विकत घ्यावा लागे, म्हणजे दुसऱ्याने फुकट केलेल्या प्रत्येक चांगल्या मॅपमुळे कंपनीचाच माल खपायचा. ‘टीएनटी’ नावाच्या चाहत्यांच्या गटाने तर अख्खा 32 लेव्हलचा संच रचला. तो फुकट प्रसिद्ध होण्याच्या बेतात असताना कंपनीने विकत घेतला आणि 1996 मध्ये ‘फायनल डूम’ या नावाने बाजारात आणला. पुढे डिसेंबर 1997 मध्ये कंपनीने मूळ प्रोग्रॅमचा सोर्स कोड खुला केला. चाहत्यांनी तो नव्या संगणकांवर नेला आणि 128 सारख्या मर्यादा उठवल्या. मूळ निर्मात्यांपैकी जॉन रोमेरो यांनी 2019 मध्ये ‘सिजिल’ हा नवा लेव्हल-संच काढला. तोही मूळ डूमची फाइल असल्याशिवाय चालत नाही.

कन्सोलवर गणित वेगळे. निन्टेन्डोच्या 1984 च्या ‘एक्साइटबाइक’मध्ये मोटारसायकल शर्यतीचा ट्रॅक स्वतः रचता येई, पण तो जपायला लागणारे कॅसेटचे यंत्र फक्त जपानमध्ये विकले गेले. इतरत्र ट्रॅक जपण्याचा पर्याय पडद्यावर दिसे, चालत मात्र नसे. कन्सोल बंद केला की ट्रॅक गेला. पुढच्या कन्सोलमध्ये साठवणीची सोय आली, तरी मेमरी ठरलेली असते. म्हणून 2008 च्या ‘लिटलबिगप्लॅनेट’मध्ये पडद्याच्या कडेला थर्मामीटर असे. वस्तू ठेवत गेले की तो चढे आणि भरला की आणखी काही ठेवता येत नसे. डूम मॅपकर्त्याला मर्यादा ओलांडू देऊन मग कोसळतो. कन्सोल त्याला आधीच अडवतो, आणि नवशिक्यासाठी हेच बरे.

वी यू कन्सोलवर 2015 मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ मेकर’ने तर रचणे हाच मुख्य खेळ केला. तिथे एक हुशार अट होती: आपला कोर्स इतरांसाठी चढवण्याआधी तो स्वतः शेवटपर्यंत पार करून दाखवायचा. त्यामुळे अशक्य कोर्स गाळले जात, अतिकठीण मात्र राहत. पण हे सारे कोर्स निन्टेन्डोच्या सर्व्हरवर होते. नवे कोर्स चढवणे मार्च 2021 अखेर बंद झाले आणि एप्रिल 2024 मध्ये सर्व्हरची सेवाच थांबणार असे जाहीर झाले.

तेव्हा ‘टीम 0%’ या खेळाडूंच्या गटाने कोणीच पार न केलेले उरलेसुरले कोर्स एकेक करून संपवायला घेतले. अखेरीस ‘ट्रिमिंग द हर्ब्स’ हा काही सेकंदांचा, पण विलक्षण कठीण कोर्स उरला. त्याच्या कर्त्याने तो स्वतःच्या हातांनी नव्हे, तर यंत्राच्या मदतीने पार करून चढवल्याचे मार्च 2024 मध्ये कबूल केले. म्हणजे ती हुशार अटही चुकवता येत होती. सेवा थांबण्याच्या काही दिवस आधी एका खेळाडूने तो खरोखर पार केला. त्यानंतर ज्या कन्सोलवर जे कोर्स आधी उतरवून घेतले होते, तेवढेच त्या त्या कन्सोलवर खेळता येतात. 1994 मधल्या डूमच्या वॅड फाइली मात्र असंख्य संगणकांवर आणि संग्रहांत पडून आहेत, आणि आजही उघडतात.