प्रेक्षकांची गळती नेमकी कुठे होते?

समजा, गडकोटांवर काम करणाऱ्या एका संस्थेने रायगडावरच्या टाक्यांवर पाच मिनिटांचा व्हिडिओ केला. तो यूट्यूबवर चढवला, संस्थेच्या संकेतस्थळावरच्या एका पानात बसवला आणि त्या पानाचा दुवा ईमेल वार्तापत्रातून सभासदांना पाठवला. महिन्याभराने हिशेब मांडला. वार्तापत्रातून आलेल्या ज्या १५० जणांनी व्हिडिओ सुरू केला, त्यांतल्या ७५ जणांनी तो शेवटपर्यंत पाहिला, म्हणजे ५० टक्के. यूट्यूबवरच व्हिडिओ सापडलेल्या २,००० जणांपैकी ५०० जण शेवटापर्यंत टिकले, म्हणजे २५ टक्के.

वार्तापत्राचा वाचक दुप्पट चिकाटीचा, असा निष्कर्ष इथे पटकन काढला जातो. तो घाईचा आहे.

यूट्यूबवर चित्रावर बोट टेकवलं की व्हिडिओ आपोआप सुरू होतो. क्लिक आणि ‘प्ले’ तिथे एकच. वार्तापत्राच्या वाचकाला मात्र दोनदा ठरवावं लागतं: आधी ईमेलमधला दुवा दाबायचा, मग पानावरचं ‘प्ले’चं बटण. आपल्या उदाहरणात पानावर २०० जण पोचले आणि त्यातल्या १५० जणांनीच बटण दाबलं. क्लिकनंतर प्ले करण्याचं प्रमाण ७५ टक्के. उरलेले ५० जण व्हिडिओ सुरू होण्याआधीच गेले, त्यामुळे पूर्ण पाहण्याच्या हिशेबात ते आलेच नाहीत. यूट्यूबवर असा अर्धवट उत्सुक माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातो, पण प्रेक्षक म्हणून मोजला जातो.

म्हणून दोघांना एकाच उंबरठ्यावरून मोजायला हवं. गूगल अ‍ॅनालिटिक्स पानात बसवलेल्या यूट्यूब व्हिडिओसाठी `video_start`, मग १०, २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर `video_progress`, आणि शेवटी `video_complete` अशी नोंद करू शकतं. पाच मिनिटांतले १० टक्के म्हणजे तीस सेकंद. तिथवर वार्तापत्राचे १३५ आणि यूट्यूबचे १,१०० प्रेक्षक उरले होते, असं धरू. यूट्यूबचा आकडा प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखावरून काढता येतो. आता तिथून शेवटापर्यंत पोचलेले किती? वार्तापत्राचे सुमारे ५६ टक्के, यूट्यूबचे ४५. पंचवीस टक्क्यांचा फरक दहा-अकरावर आला. तो खरा आहे आणि दखल घेण्याजोगा आहे, पण यूट्यूबची मोठी गळती पहिल्या तीस सेकंदांतली आहे. दुरुस्ती करायची तर सुरुवातीची.

क्लिकच्या आकड्याबाबतही सावध राहावं. अनेक कार्यालयांतल्या सुरक्षा प्रणाली ईमेलमधले दुवे वाचकाआधी स्वतःच उघडून तपासतात आणि तेही क्लिक म्हणून मोजलं जातं. ईमेल पोचल्यावर काही सेकंदांतच क्लिकची रांग लागली आणि `video_start` एकही नाही, तर ती माणसं नव्हेत. शिवाय दुव्याला `utm_medium=email` जोडलं नसेल, तर वार्तापत्रातून आलेले बरेच वाचक ‘थेट आलेले’ या खात्यात जमा होतात आणि तुलना सुरू होण्याआधीच बिघडते.